डोकेदुखीची गोळी आणि गोळीची डोकेदुखी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो ऐकावयास विचित्र वाटेल. डोके दुखू लागले असता आपण जी गोळी घेतो, तीच गोळी वारंवार घेतल्याने डोके दुखू लागते, असे कोणी सांगितले तर प्रथम हसू येते. परंतु हे वैद्यकशास्त्राने पूर्णपणे मान्य केलेले सत्य आहे. या मंडपात बसलेल्या घरांपैकी काही घरांत हा विकार आज नांदत असेल, आणि ज्यास तो झाला आहे त्यास त्याची वार्ताही नसेल, असे आम्हांस वाटते.

आम्ही वैद्य नाही. चौतीस वर्षे शाळेत अंकगणित आणि भाषा शिकविण्यापलीकडे आमचा अधिकार नाही. मात्र आमचा एक जुना विद्यार्थी आज आमच्याच पेठेत औषधांचे दुकान चालवितो. तो नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. निवृत्तीनंतर दुपारच्या निवांत वेळी त्याच्या दुकानात जाऊन बसण्याचा आमचा परिपाठ आहे. तेथे जे पाहिले, त्याने जे समजावून दिले आणि नंतर जे वाचून ताडून पाहिले, तेच आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम अर्धशिशीविषयी दोन शब्द. अर्धशिशी म्हणजे नुसते डोके जड होणे नव्हे. बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठोके पडल्यासारखी वेदना होते, मळमळते, कधी उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाहीत, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही दुखणे वाढते. हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो आणि मग ओसरतो. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि पुष्कळदा तो आईकडून मुलीकडे आलेला असतो. महिन्यातून एकदोन वेळा असा झटका येणाऱ्या व्यक्तीने त्या वेळी गोळी घेतली तर त्यात काहीही वावगे नाही. किंबहुना वेदनेच्या आरंभीच योग्य मात्रेत घेतलेली गोळी उत्तम काम करते.

अडचण पुढे सुरू होते. महिन्यातून दोन दिवस दुखणारे डोके काही कारणाने चार दिवस दुखू लागते. घरात लग्नकार्य असते, कोणाचे आजारपण असते, झोप मोडलेली असते. मग गोळी चार दिवस घेतली जाते. पुढे सहा दिवस, आठ दिवस. आता उद्या पाहुणे येणार आहेत, उद्या डोके दुखून चालणार नाही, म्हणून वेदना सुरू होण्यापूर्वीच एक गोळी घेऊन ठेवली जाते. असे काही महिने गेले की मेंदूतील वेदना वाहणाऱ्या मार्गांचा स्वभावच पालटतो. वेदना दाबून धरण्याची मेंदूची जी अंगभूत व्यवस्था आहे ती दुबळी होते, आणि पूर्वी ज्या लहानशा कारणाने काही झाले नसते त्याने आता डोके उठते. याची सारी साखळी शास्त्रज्ञांस अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही, परंतु परिणाम ठरलेला आहे. औषधाचा अंमल उतरला की डोके दुखते, ते दुखते म्हणून पुन्हा औषध घ्यावे लागते, आणि त्या औषधाचा अंमल उतरला की पुन्हा दुखते.

ही गोष्ट काल-परवाची नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या विख्यात रुग्णालयातील पीटर्स आणि हॉर्टन या दोन डॉक्टरांनी 1951 सालीच असे रुग्ण नोंदविले होते. अर्धशिशीवरील अर्गोटामिन हे औषध फार वेळा घेणाऱ्यांचे डोके त्या औषधानेच दुखत होते आणि औषध बंद केल्यावर ते सुधारत होते. पुढे हेच साध्या वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीतही दिसून आले. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाच्या 2004 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या विकारास 'औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी' असे नाव मिळाले, आणि 2018 साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीतही ते कायम आहे.

येथे एक शंका कोणीही घेईल. सांधेदुखीचे रुग्ण वर्षानुवर्षे रोज वेदनाशामक घेतात, त्यांचे डोके का दुखत नाही? शंका रास्त आहे. ज्यांस मुळात अर्धशिशीची किंवा अन्य डोकेदुखीची प्रवृत्ती आहे त्यांच्याच बाबतीत हा प्रकार घडतो. ज्यास ती प्रवृत्ती नाही त्याने गुडघ्यासाठी रोज गोळी घेतली तर पोटास आणि मूत्रपिंडास अपाय होईल, पण डोकेदुखी सहसा लागणार नाही. म्हणजे ज्यास या गोळीची गरज अधिक, त्यालाच तिचा हा दोष बाधतो.

आता या विषयातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. किती औषध म्हणजे अतिवापर? आमचा समज असा होता की रोज पाचसहा गोळ्या खाणाऱ्यासच असे काही होत असेल. परंतु शास्त्राचे माप निराळे आहे. तेथे गोळ्यांची संख्या मोजत नाहीत, दिवसांची संख्या मोजतात. नियम असा. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी एकच वेदनाशामक द्रव्य असलेली साधी गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस घेतली जात असेल. अथवा अनेक द्रव्ये एकत्र केलेली संयुक्त गोळी, अर्गोटामिन, अर्धशिशीसाठीच असलेली सुमाट्रिप्टान वर्गातील औषधे किंवा कोडीन, ट्रॅमॅडॉल यांसारखी अफूच्या कुळातील औषधे महिन्यातून 10 किंवा अधिक दिवस घेतली जात असतील. हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल. आणि डोके महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस दुखत असेल, तर हा विकार असल्याचा संशय घ्यावा.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांस महिन्यातून चार दिवस कडक अर्धशिशी होते आणि त्या प्रत्येक दिवशी ते तीन गोळ्या घेतात. महिन्याच्या गोळ्या झाल्या बारा. दुसरे गृहस्थ फार सावध आहेत. ते संयुक्त गोळीचे दोन तुकडे करतात आणि अर्धीच घेतात, पण वीस दिवस घेतात. त्यांच्या गोळ्या झाल्या दहा. गोळ्या मोजल्या तर दुसरे गृहस्थ अधिक संयमी ठरतात. दिवस मोजले तर पहिल्यांचे चार आणि दुसऱ्यांचे वीस होतात. पहिल्यांस या विकाराचे भय नाही, दुसरे मात्र त्यात पुरते सापडले आहेत. "आम्ही अर्धीच घेतो हो" असे म्हणणारी माणसे आपल्या घरोघर आहेत. त्यांनी हे उदाहरण विसरू नये.

दुसरी गोष्ट संयुक्त गोळ्यांची. आपल्याकडे 'डोक्याची गोळी' म्हणून जे काही मागितले जाते, त्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर आणखी एखादे वेदनाशामक आणि कॅफीन असते. कॅफीन म्हणजे चहाकॉफीतले उत्तेजक द्रव्य. त्याने औषध लवकर लागू पडते हे खरे, परंतु रोजच्या सवयीचे कॅफीन अंगातून उतरले की त्यानेही डोके दुखते. शिवाय माणूस एका आठवड्यात एक गोळी घेतो, दुसऱ्यात शेजाऱ्याने सांगितलेली निराळी घेतो, आणि 'एकच औषध सतत घेत नाही' असे समाधान मानतो. ते समाधान खोटे आहे. महिन्यातून सहा दिवस एका प्रकारची आणि आणखी पाच दिवस दुसऱ्या प्रकारची गोळी घेतली, तर हिशेबात अकरा दिवस धरावयाचे असतात. नाव बदलल्याने दिवस कमी होत नाहीत.

हा विकार ओळखणे रुग्णास इतके कठीण का जाते, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यास विचारले. तो म्हणाला, "सर, गोळी घेतल्यावर बरे वाटते ना, म्हणून." विचार केला तेव्हा त्याचे म्हणणे पटले. ज्या वस्तूने दर वेळी आराम पडतो तिच्यावर संशय कोण घेईल? मनुष्य उन्हास दोष देतो, पित्तास देतो, चष्म्याचा नंबर बदलून आणतो, सुनेच्या किंवा सासूच्या स्वभावास दोष देतो. गोळीस दोष देण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. डॉक्टरांसही ते एकदम कळत नाही, कारण डॉक्टरांकडे रुग्ण तीन महिन्यांतून एकदा जातो आणि 'अधूनमधून गोळी घेतो' एवढेच सांगतो. पुष्कळदा तो हे सांगतही नाही, कारण चिठ्ठीविना मिळणारी गोळी म्हणजे औषधच नव्हे अशी आपली समजूत असते.

परंतु औषधांच्या दुकानातील फळीपलीकडे जो उभा असतो त्यास आपल्या फेऱ्या दिसतात. डॉक्टरांस रुग्णाचे शब्द कळतात, फार्मासिस्टास त्याची खरेदी कळते. कोणत्या खुणांनी त्यास शंका येते, हे आम्ही एका प्रसंगावरून सांगतो. संबंधित भगिनीची संमती आहे, तथापि नाव सांगणे उचित नाही.

वय चव्वेचाळीस, घरी पती, एक मुलगा आणि एक मुलगी. सतराव्या वर्षापासून अर्धशिशी, पण महिन्यातून दोन वेळा. गेली दोन वर्षे डोके जवळजवळ रोज दुखते. आमच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात प्रथम आले ते असे की, दहा गोळ्यांची तीच संयुक्त पट्टी त्या घरात फार वेळा जाते. एकदा मुलगा नेतो, एकदा मुलगी, कधी त्या स्वतः. निरनिराळी माणसे येत असल्याने पहिले काही महिने ते लक्षात आले नाही. मग त्याने एका महिन्याच्या तारखा पाहिल्या. त्या निघाल्या 4, 10, 17, 23 आणि 29.

येथे आमच्यातील अंकगणिताचा मास्तर जागा झाला. 29 तारखेची पट्टी अद्याप शिल्लक आहे असे धरू. म्हणजे 4 तारखेपासून 29 तारखेपर्यंतच्या 25 दिवसांत चार पट्ट्या, अर्थात 40 गोळ्या संपल्या. घरात आणखी कोणी घेते का, असे त्याने पुढल्या भेटीत सहज विचारले. पतीने सर्दीतापात चार घेतल्या होत्या. उरल्या 36. त्या भगिनी एका दिवसात तीनपेक्षा अधिक कधी घेत नसत. दर वेळी तीनच घेतल्या असे मानले तरी औषधाचे दिवस होतात 12. दोन घेतल्या असतील तर दिवस होतात 18. एकेक घेतली असेल तर 25 दिवसांत एकही दिवस मोकळा उरत नाही. कोणत्याही रीतीने गणित मांडा, उत्तर दहाच्या वरच येते. आणि संयुक्त गोळीची मर्यादा दहा दिवसांची आहे.

परंतु हिशेबावरून निदान होत नाही, आणि भरल्या दुकानात कोणास 'तुम्ही फार गोळ्या खाता' असे म्हणणे हा उद्धटपणा ठरेल. त्याने दुपारची गर्दी नसलेली वेळ पाहिली आणि विचारले, "ताई, डोक्याचा त्रास हल्ली वाढलाय का?"

"छे हो भाऊ, आठवड्यातून दोनतीनदा लागते गोळी," त्या म्हणाल्या.

त्याने हे खोडून काढले नाही. त्याने प्रश्न उलटा विचारला. "गेल्या आठवड्यात एकही गोळी घेतली नाही असे वार कोणते, आठवतंय का?"

त्या बोटांवर मोजू लागल्या. सोमवारी गॅसची टाकी संपली होती, त्या दिवशी घेतली. मंगळवारी मुलीची परीक्षा. बुधवारी सकाळी उठतानाच डोके जड होते. गुरुवार... गुरुवारी नाही घेतली. शुक्रवार, शनिवार, रविवार घेतली होती. मोजता मोजता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, एक गुरुवारच की हो!"

आमच्या मते या प्रसंगात सर्वांत शिकण्यासारखे काही असेल तर हा प्रश्न. 'किती वेळा घेता' असे विचारले तर माणूस अंदाजाने आणि थोडे संकोचाने उत्तर देतो. 'न घेतलेला दिवस कोणता' असे विचारले की त्यास मोजावेच लागते, आणि दुसऱ्याने काही न सांगता सत्य त्याच्याच तोंडून बाहेर येते. यात लबाडी पकडण्याचा हेतू नसतो. त्या भगिनी खोटे बोलत नव्हत्या. त्यांनी कधी मोजलेच नव्हते.

यानंतर त्याने आणखी तीन गोष्टी विचारल्या. पहाटे किंवा सकाळी उठतानाच डोके दुखते का? रात्रभर औषधाचा अंमल उतरलेला असतो, म्हणून या विकारात असे पुष्कळदा होते. पूर्वी एका गोळीने दिवस निघत असे, आता चारपाच तासांतच दुसरी लागते का? आणि दुखण्याआधीच, भीतीने, गोळी घेतली जाते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' आली. याशिवाय 'यापेक्षा जोरदार गोळी द्या' अशी मागणी, एकाच वेळी दोन निराळ्या नावांच्या गोळ्या नेणे, अथवा बाहेरगावी जाताना पर्समध्ये गोळी नसेल तर अस्वस्थ होणे, याही त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत.

एक खबरदारी तो नेहमी घेतो, आणि ती आपणही घ्यावी. प्रत्येक वाढलेली डोकेदुखी गोळीमुळेच आहे असे मानणे धोक्याचे आहे. डोके एकाएकी, क्षणात, आयुष्यात कधी दुखले नव्हते इतके दुखू लागले. तापाबरोबर मान ताठली. हातपाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा दिसेनासे झाले. डोक्यास मार लागल्यानंतर दुखू लागले. पन्नाशीनंतर प्रथमच नवी डोकेदुखी उपजली. अथवा गरोदरपणात निराळीच डोकेदुखी सुरू झाली, तर गोळ्यांचे दिवस मोजीत बसू नये. तत्काळ डॉक्टर किंवा रुग्णालय गाठावे. त्या भगिनीच्या बाबतीत यांपैकी काही नाही याची खात्री केल्यानंतरच त्याने पुढचे पाऊल टाकले.

ते पाऊल साधे होते. त्याने गोळी देण्याचे नाकारले नाही आणि 'आजपासून बंद करा' असेही सांगितले नाही. त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज खूण करावयास सांगितली. डोके दुखले तर गोल, गोळी घेतली तर फुली, दोन्ही असेल तर गोलात फुली. महिनाभर खुणा करून ते पान डॉक्टरांकडे न्यावे, आणि कोणकोणत्या गोळ्या घेतल्या त्यांची रिकामी पाकिटेही न्यावीत. महिन्याअखेर पानावर 22 गोल आणि 19 फुल्या होत्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांस तपासले, अन्य काही नसल्याची खात्री केली आणि ते पान पाहून निदान केले.

उपचाराचा गाभा म्हणजे ती गोळी थांबविणे. हे ऐकावयास सोपे आणि आचरावयास कठीण. गोळी थांबविल्यावर पहिले काही दिवस डोके पूर्वीपेक्षा अधिक दुखते. मळमळ, उलटी, झोप न लागणे, जीव घाबरा होणे, असे प्रकार होतात. हा काळ बहुधा दोन ते दहा दिवसांचा असतो. कोणते औषध चालू होते त्यावर तो थोडाफार अवलंबून असतो. येथेच बहुतेक माणसे हरतात. 'बघा, गोळी सोडली तर किती दुखते, म्हणजे गोळी आवश्यकच होती' असा निष्कर्ष काढून ती पुन्हा पट्टी आणतात. हे पहिले दिवस वाईट जाणार आहेत असे आधी सांगितलेले असले, तर त्याच यातना निराळ्या वाटतात, कारण त्यांचा शेवट ठाऊक असतो.

एक इशारा अवश्य ध्यानी ठेवावा. साधी वेदनाशामके आणि संयुक्त गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदम थांबविता येतात. परंतु कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल असलेली औषधे आणि झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या असतील तर त्या एकाएकी सोडू नयेत. त्या पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात. आमचे हे व्याख्यान ऐकून घरी जाऊन कोणी सगळी औषधे खिडकीबाहेर फेकील तर तो आमच्या सांगण्याचा विपर्यास होईल.

त्या भगिनीस तज्ज्ञांनी रात्री झोपताना घ्यावयाची ॲमिट्रिप्टिलीनची अल्प मात्रा दिली. हे वेदनाशामक नव्हे. अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घ्यावयाचे ते प्रतिबंधक औषध आहे. प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्याच कामाची आणखी काही औषधे आहेत, आणि कोणास कोणते द्यावे हे डॉक्टरच ठरवितात. दम्याच्या रुग्णास प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, हे एकच उदाहरण पुरे आहे. या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'उपयोग नाही' म्हणून ती सोडू नयेत. येथे एक घोटाळा घरोघर होतो. रोज घ्यावयाचे प्रतिबंधक औषध माणूस दुखेल तेव्हाच घेतो आणि दुखेल तेव्हाच घ्यावयाची गोळी रोज घेतो. फार्मासिस्ट पाकिटावर लिहून देतो ते याचसाठी.

संयुक्त गोळी थांबविल्यानंतर तिसरा दिवस सर्वांत कठीण गेला. त्या दिवशी उलट्या झाल्या, स्वयंपाक मुलाने आणि पतीने मिळून केला. आठव्या रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली. दोन महिन्यांनंतरच्या पानावर 6 गोल आणि 4 फुल्या होत्या. अर्धशिशी गेली नव्हती. ती सतराव्या वर्षापासूनची होती आणि तिच्या मूळच्या रूपात परत आली होती. गेली होती ती गोळीने आणलेली डोकेदुखी. तज्ज्ञांनी त्यांस मर्यादा घालून दिली की, यापुढे वेदनाशामक आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा अधिक घ्यावयाचे नाही.

ही कथा येथेच गोड शेवटाने संपविली तर ती पुरी सांगितली असे होणार नाही. या विकारातून सुटलेल्यांपैकी बरेच लोक वर्षभरात पुन्हा त्यात सापडतात. त्या भगिनीच्याही घरी सहा महिन्यांनी मुलीच्या साखरपुड्याची धामधूम आली आणि त्या महिन्यात फुल्या नऊवर गेल्या. पण या वेळी त्यांस मोजता येत होते. दहाव्या फुलीपूर्वीच त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, गाडी घसरायला लागली बघा." पुढच्या महिन्यात फुल्या पाचवर आल्या.

फार्मासिस्टाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यास आपल्याच दुकानाची विक्री दिसते. एक पट्टी पेठेतून, दुसरी स्थानकाजवळून आणि तिसरी भ्रमणध्वनीवरून घरपोच मागविली तर कोणाच्याच नजरेस काही येत नाही. चिठ्ठीविना विकलेल्या साध्या गोळ्यांची नावनिशी नोंद बहुतेक दुकानांत नसतेही. गर्दीच्या वेळी गल्ल्यावर मदतनीस असतो, त्यास या गोष्टी ठाऊक नसतात. यास्तव आमची सूचना अशी की, घरातील औषधे शक्य तो एकाच दुकानातून घ्यावीत आणि त्या दुकानातील फार्मासिस्टाशी ओळख ठेवावी. 2015 सालच्या औषधव्यवसाय विनियमांनी रुग्णास औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टाच्या कामात धरले आहे. तेव्हा त्याने दोन प्रश्न विचारले तर 'तुला काय करायचंय, गोळी दे' असे उत्तर देऊ नये. इंग्लंडमध्ये सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीचे औषध 2006 सालापासून चिठ्ठीविना मिळू शकते, पण ते देण्यापूर्वी फार्मासिस्टाने डोकेदुखीचा प्रकार आणि तिची वारंवारता विचारावी अशीच तेथील रीत आहे. गिऱ्हाईक त्यात अपमान मानीत नाही.

नुसत्या बोलण्याने असा कितीसा फरक पडणार, असे कोणी म्हणेल. नॉर्वेतील कुटुंबवैद्यांनी हेच तपासून पाहिले आणि त्याचा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांचा अतिवापर करणाऱ्या रुग्णांस थोडा वेळ बसवून, तुमच्या गोळ्या आणि तुमची डोकेदुखी यांचा संबंध असा आहे, एवढे समजावून सांगितले. ज्यांस असे सांगितले त्यांचे औषधाचे आणि डोकेदुखीचे दिवस, न सांगितलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. याचे कारण उघड आहे. या रुग्णांस व्यसनाची हौस नसते. त्यांस दुखण्यातून सुटावयाचे असते, आणि सुटण्याची वाट कोणती हे कोणी सांगितलेले नसते.

अखेरीस कुटुंबप्रमुखांस एक विनंती करतो. आपल्या घरांत डोके बांधून स्वयंपाक करणारी स्त्री आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. तिने गोळी घेतली आणि पुन्हा कामास लागली की घर निश्चिंत होते. तिने महिन्यातून किती दिवस गोळी घेतली, हे त्या घरात कोणीच मोजलेले नसते. आज घरी गेल्यावर दिनदर्शिकेजवळ दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवा, आणि ज्याच्या डोक्यास त्रास आहे त्यास गोल आणि फुली कशी करावयाची ते सांगा. महिन्याअखेर संयुक्त गोळीच्या फुल्या दहा किंवा साध्या गोळीच्या फुल्या पंधरा भरल्या, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा. आणि गोळी सोडण्याचे ते पहिले आठदहा दिवस आले, की तेवढे दिवस चूल दुसऱ्या कोणीतरी सांभाळा. आमच्या विद्यार्थ्याच्या अनुभवाप्रमाणे, ज्या घरात हे झाले त्या घरची माणसे तरली, आणि जेथे झाले नाही तेथून चौथ्या दिवशी कोणीतरी पट्टी न्यावयास आलेच.